मदत हवी आहे: तळमजल्यावरच्या हॉटेलचा धूर थेट घरात, कायद्याने काय करता येईल?

दुसरा_मजला

विलेपार्ले पूर्वेला आमची चार मजली जुनी सोसायटी आहे. तळमजल्यावर आधी स्टेशनरीचं दुकान होतं. दीड वर्षापूर्वी गाळामालकाने तो गाळा एका चायनीज-तंदूरवाल्याला भाड्याने दिला. त्याचा एक्झॉस्ट मागच्या चौकात सुटतो, पहिल्या मजल्याच्या खिडकीच्या जेमतेम वर. आमचं स्वयंपाकघर आणि आईची खोली त्याच चौकावर.

संध्याकाळी साडेसहाला ब्लोअर सुरू होतो तो रात्री साडेबारापर्यंत. कढईत लाल मिरची पडली की घरभर ठसका. खिडकीच्या जाळीवर तपकिरी चिकट थर बसतो. रविवारी सोड्याच्या गरम पाण्याने घासते, बुधवारी बोट लावलं की परत चिकटतं. आईला दमा आहे.

हॉटेलवाल्याशी बोलले तर म्हणाला, "ताई, लायसन आहे आपल्याकडे." वॉर्ड ऑफिसात तक्रार केली, माणूस बघायला आला, नेमका त्या दिवशी तंदूर बंद. मला हॉटेल बंद पाडायचं नाही, धूर घरात नको एवढंच.

खादाड_काका

हा सरळसरळ सार्वजनिक उपद्रव. पूर्वीच्या फौजदारी संहितेत १३३ कलम होतं ना, मॅजिस्ट्रेट महिनाभरात टाळं लावतो. पण दीड वर्ष गप्प बसलात ही चूक झाली, मुदत गेली असणार. आणि लायसन खरंच असेल तर अवघड आहे.

दिवाणीवाला

काका, कलम बरोबर आठवलंत (आता ते नव्या संहितेत १५२ झालंय), पण ते अख्ख्या वस्तीला, रस्त्यावरच्या लोकांना त्रास होतो तेव्हासाठी. इथे त्रास चौकावरच्या दोन-चार घरांना आहे. हा खासगी उपद्रव, म्हणजे दिवाणी कोर्टात मनाई हुकमाचा दावा.

मुदतीचं म्हणाल तर धूर रोज येतो, म्हणून दाव्याचं कारणही रोज नव्याने घडतं. मुदत कायद्याचं कलम २२ त्यासाठीच आहे. लायसनचंही तेच. पालिकेचा परवाना म्हणजे तिथे धंदा करायची मुभा, वरच्यांच्या घरात धूर सोडायची नव्हे.

ताई, खरी मेख वेगळीच आहे. "वास येतो" एवढ्याने उपद्रव होत नाही. मुंबईत खाली हॉटेल असलं की थोडा वास येणारच, कोर्ट तेवढं सोसायला सांगतं. तुमच्यासारख्या इमारतीत राहणाऱ्या चारचौघांसारख्या माणसाला घरात नीट राहणं मुश्कील होतंय का, हे बघितलं जातं. म्हणून आईच्या दम्यावर सगळा दावा उभा करू नका. समोरचा वकील लगेच म्हणेल, त्या नाजूक आहेत, इतरांना काही होत नाही. दमा जरूर सांगा, पण आधी जाळीवरचा थर, सहा तास बंद ठेवाव्या लागणाऱ्या खिडक्या आणि पहिल्या मजल्यावरच्यांचं म्हणणं येऊ द्या.

फ्लॅट कोणाच्या नावावर आहे? आईच्या असेल तर दावा त्यांच्याच नावाने करा.

सुरमई

म्हणजे आता बोंबील तळायचीही चोरी! आमच्या बिल्डिंगमध्ये नवीन आलेल्यांनी माझ्याविरुद्ध कमिटीत पत्र दिलंय, "मांसाहारी वासाचा उपद्रव". असले धागे वाचूनच लोकांना चेव येतो.

दिवाणीवाला

तुमचं प्रकरण निराळं. घरी अर्धा तास मासे तळणं हा घराचा नेहमीचा वापर झाला. काय शिजतंय यावर उपद्रव ठरत नाही. किती, किती वेळ आणि कुठे सोडलं जातं यावर ठरतो. गंमत म्हणजे या विषयातला इंग्लंडमधला एक जुना खटला तळलेल्या माशांच्याच दुकानाचा आहे, १९१३ चा अ‍ॅडम्स विरुद्ध अर्सेल. दुकान बंद झालं तर गरिबांचं स्वस्त खाणं जाईल, असा बचाव होता. कोर्टाने तो मानला नाही, कारण दुकानाची वाफ आणि वास शेजारच्या घरात भरत होता.

तेव्हा ताई, तुमच्या अर्जात चिकन, मासे हे शब्दच नकोत. धूर आणि तेलकट वाफ, बस्स. नाहीतर वाद भलतीकडे जाईल.

दुसरा_मजला

फ्लॅट आईच्याच नावावर आहे. आम्ही स्वतः मासे खातो हो सुरमईताई, तो प्रश्नच नाही. पण आमचा रस्ता आधीच गजबजलेला, दहा पावलांवर वडापावची गाडी आहे. "इथे वास आहेच" असं म्हणाले तर?

दिवाणीवाला

म्हणतीलच. राधेश्याम विरुद्ध गुरप्रसाद, अलाहाबाद हायकोर्ट, १९७८ च्या एआयआर या निकालांच्या संग्रहात सापडेल. तिथे तळमजल्यावर पिठाची गिरणी आणि वर राहती माणसं, भोवती आधीच गोंगाट. कोर्ट म्हणालं, असलेल्या आवाजात गिरणीने लक्षणीय भर पडत असेल तर तोही उपद्रवच. गजबजलेली वस्ती म्हणजे काहीही खपवून घेण्याचं लायसन नाही.

आता पुरावा. इन्स्पेक्टर आला त्या दिवशी तंदूर बंद होता ना? धूर बंद करता येतो, भिंतीवरचं तेल एका दिवसात पुसता येत नाही. दाव्यात कोर्ट कमिशनर नेमून जागेची पाहणी मागा. दिवाणी संहितेच्या आदेश २६, नियम ९ खाली तसा अर्ज करतात. तो चौकाची भिंत, पाइपाचं तोंड आणि तुमची खिडकी यांतलं अंतर मोजून लिहील. तोवर एक वही ठेवा: तारीख, धूर कधी सुरू, कधी बंद, खिडक्या कधी लावल्या. ज्या दिवशी त्रास नव्हता तेही लिहा, म्हणजे वही खरी वाटते.

मागणीही "हॉटेल बंद करा" अशी नको. "या चौकात धूर सोडू नये" अशी मनाई मागा. हे देणं कोर्टाला सोपं जातं. पालिकेला लगेच प्रतिवादी करू नका, त्यांना आधी महिनाभराची नोटीस द्यावी लागते.

डक्टवाला

मी किचन एक्झॉस्टची कामं करतो. कायद्यातलं कळत नाही, पण पाइपाचं तोंड पहिल्या मजल्यावर चौकात म्हणजे काम मुळातच चुकलंय. चौकात वारा नसतो. गरम धूर वर चढतो तो प्रत्येक खिडकीत शिरत. तोंड गच्चीच्या वर न्यायलाच हवं. "फिल्टर बसवतो" म्हणाला तर भुलू नका. हुडमधली जाळी तेलाचे थेंब अडवते, मिरचीचा ठसका आणि तंदूरचा धूर अडवत नाही. आणि न धुतलेल्या पाइपात तेल साचलं की एका भडक्यात पेट घेतं, ते फायर ब्रिगेडला कळवा.

तंदूर कोळशाचा आहे का? असेल तर बदलायला लावणं सोपं. २०२५ पासून पालिका कोळशाच्या तंदूरवाल्यांना नोटिसा देतेय.

आणखी एक विचारू? गच्चीपर्यंत पाइप न्यायला त्याने सोसायटीकडे परवानगी मागितली होती का? दहातल्या पाच ठिकाणी काम तिथेच अडतं.

दुसरा_मजला

तंदूर कोळशाचाच आहे, पोती मागच्या दारात दिसतात. आणि हो, मागितली होती. आत्ता सेक्रेटरींना फोन करून विचारलं. गच्चीचं वॉटरप्रूफिंग बिघडेल म्हणून जनरल बॉडीने नाकारली. त्या मीटिंगला आम्ही गेलो नव्हतो.

खादाड_काका

घ्या! मग दोष कोणाचा?

दिवाणीवाला

त्याने त्याची सुटका होत नाही. परवानगी मिळाली नाही म्हणजे चौकात सोडायला मोकळा, असं नाही. पण जज पहिला प्रश्न हाच विचारतील, आणि कमिटीला पक्षकार करायचं का यावर माझंही मत पक्कं होत नाहीये. आधी लेखी नोटीस हॉटेलवाला आणि गाळामालक दोघांना द्या. सोसायटीला वेगळं पत्र द्या की बाहेरच्या भिंतीवरून पाइप नेणं आणि वॉटरप्रूफिंगचा खर्च त्याने उचलणं या अटींवर विषय पुन्हा घ्यावा. नकार आला तर तोही लेखी घ्या.

दुसरा_मजला

पुढच्या मीटिंगसाठी पत्र लिहायला घेते. अडचण अशी की रस्त्याच्या बाजूच्या आठ घरांना धूर लागतच नाही, आणि मतं त्यांचीच जास्त. वही आजपासून सुरू केली. पहिली नोंद: शनिवार, ७.१०, ठसका, आईच्या खोलीची खिडकी लावली.