मदत हवी आहे : अंबर ड्रॉपर बाटलीच्या फोटोत तेलाची पातळी दिसत नाही

सोलापुरात घरी केलेल्या माक्याच्या तेलाचे फोटो मोबाईलवर काढतेय. बाटली ३० मिलीची, कागदी लेबल जवळजवळ खांद्यापर्यंत. समोरून बटर पेपरमधून उजेड दिला की लेबल स्वच्छ वाचता येतं, पण काच काळी पडते. मागे बाटलीपेक्षा अरुंद पांढरा पुठ्ठा तिरका लावल्यावर काच मधासारखी उजळली, तरी तेलाची रेघ खांद्याच्या वळणात हरवते. मागचा उजेड वाढवला तर लेबल अंधारतं. तेल आणखी भरता येत नाही. इथल्या उन्हाळ्यात ते फुगून झाकणातून झिरपतं. रेघ एडिटिंगमध्ये रंगवायची नाही, गिऱ्हाइकाला मिळते तीच पातळी दिसायला हवी. एलईडी दिवा एकच आहे. मोबाईल स्टँडवर न हलवता लेबलचा आणि पातळीचा असे दोन फोटो काढून जोडावेत, की लेबलची उंची कमी करून आणि तेल थोडं कमी भरून रेघ सरळ काचेत आणावी?