खाज नेमकी कुठे येते, ते आधी पाहावे
"आठवा महिना चालू आहे, रात्रभर तळवे खाजतात, स्ट्रेच मार्क्समुळेच असेल ना? कोणते तेल लावू?"

पोटावरच्या ताणलेल्या त्वचेची खाज साध्या मॉइश्चरायझरने कमी होते, जरी त्याने स्ट्रेच मार्क्स टळत नाहीत. परंतु अंगावर पुरळ नसताना तळहातांना आणि तळपायांना येणारी, रात्री वाढणारी खाज यकृतातील पित्ताचा प्रवाह मंदावल्याचे लक्षण असू शकते, आणि तिथे तेलाने काही साधत नाही. मला ३४व्या आठवड्यात ही खाज सुरू झाली, तेव्हा अंगावर केवळ नखांचे ओरखडे होते. रक्तातील बाईल अ‍ॅसिडचा म्हणजे पित्तातील आम्लांचा पहिला अहवाल सामान्य आला. खाज थांबेना, म्हणून डॉक्टरांनी आठवड्याने पुन्हा तपासणी केली, तेव्हा प्रमाण वाढून ४८ मायक्रोमोल प्रति लिटर निघाले. खाज कधीकधी रक्तातील बदलाच्या आधीच सुरू होते, त्यामुळे एका चांगल्या अहवालावर कृपया निश्चिंत राहू नका. हे प्रमाण १०० किंवा त्याहून अधिक झाल्यास बाळ पोटात दगावण्याचा धोका वाढतो, म्हणून प्रसूती कधी करायची हे बऱ्याच अंशी त्यावरून ठरवतात. तेल नंतर निवडा. उद्याच डॉक्टरांना सांगून बाईल अ‍ॅसिड आणि यकृताची तपासणी करून घ्या.