संध्याकाळच्या व्यायामाआधी खावं की रिकाम्या पोटीच जावं?

ओंकार: वजन ७० किलो. दुपारी १ वाजता जेवतो, ७ वाजता जिम. सव्वासहाला पीनट बटर लावलेले दोन ब्रेड, एक केळं आणि ग्लासभर दुधात प्रोटीन पावडर घेतो. स्क्वॉटच्या तिसऱ्या सेटला पोट दगडासारखं होतं आणि मळमळतं. न खाता गेलो तर शेवटी हातपाय गळतात. किती खाऊ आणि कधी?

रणजित: खाणं बंद करा. जोरात व्यायाम सुरू झाला की रक्त स्नायूंकडे वळतं आणि पोटाचं काम मंदावतं. मग आतलं अन्न तिथेच डचमळत राहतं. तासाभराच्या वजनांना दुपारच्या जेवणाचं ग्लायकोजन पुरतं. रिकामं पोट हाच उपाय.

शर्वरी: रक्त वळतं हे खरं, ग्लायकोजनचंही खरं. पण न खाता गेल्यावर हातपाय गळतात हे त्यांनीच लिहिलंय, ते सोडून कसं चालेल? ताटात काय आहे ते बघा. दोन मोठे चमचे पीनट बटर म्हणजे साधारण १६ ग्रॅम फॅट, त्यावर दुधाची मलई. फॅट लहान आतड्यात पोचली की आतडं जठराला ‘सावकाश सोड’ असा इशारा देतं. पाऊण तासात यातलं बरंचसं जठरातच असणार. त्यात स्क्वॉटला खाली जाताना श्वास रोखून पोट ताठ करायचं, वर बेल्ट आवळलेला. भरलेल्या पिशवीवर दाब पडला की माल तोंडाकडे सरकतो. म्हणून हाच त्रास बायसेप्सच्या दिवशी सहसा इतका होत नाही.

खाणं तेच ठेवा, फक्त फोडा. ब्रेड साडेचारला, पीनट बटर एक छोटा चमचा. साडेसहाला फक्त केळं आणि दोन-चार घोट पाणी. प्रोटीन व्यायामानंतर. तासभर आधी किलोमागे १ ग्रॅम कार्ब हा आकडा सगळीकडे वाचायला मिळतो, म्हणजे तुम्हाला ७० ग्रॅम. तो लांब पल्ल्याच्या धावण्या-सायकलिंगसाठी ठीक आहे. पोट जड होणाऱ्याने तासभराच्या वजनांसाठी एवढं कोंबू नये, केळ्यातले २५ ग्रॅम पुरतात.

मेघना: पण रिकाम्या पोटी चरबी जास्त जळते ना? मग केळं कशाला? आणि माझं तर उलटंच होतं. अर्धा-पाऊण तास आधी ज्यूस घेतला की ट्रेडमिलवर दहाव्या मिनिटाला घाम फुटतो, हात थरथरतात.

शर्वरी: चरबीचा प्रश्न इथे नाही, मळमळीचा आहे. तुमचं मात्र वेगळं प्रकरण आहे. ज्यूसची साखर झपाट्याने रक्तात येते, तिच्यामागून इन्सुलिन चढतं आणि नेमकं तेव्हाच स्नायूही साखर ओढू लागतात. काही जणांची साखर त्यात खाली जाते. ज्यूस वॉर्मअप करतानाच घोट-घोट घ्या, किंवा दीड-दोन तास आधी ब्रेडसारखं सावकाश पचणारं काही खा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर मात्र वेळा डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

रणजित: साडेचारला प्रत्येकाला खायला मिळतं का? त्यापेक्षा जेवणच अडीचला घ्या आणि थेट जा.

शर्वरी: जमत असेल तर तेही चांगलं, साडेचार तासांचं अंतर मिळतं. फक्त त्या जेवणात तळलेलं नको, नाहीतर सातलाही ते वर येईल.

तुषार: आधी एक तपासा. मळमळताना ढेकरेला खाल्लेल्याची चव येते का? येत असेल तर अन्न अजून जठरात आहे, शर्वरींचा उपाय लागू. चव नाही, पोट हलकं, तरी त्याच तिसऱ्या सेटला मळमळतं, तर दोष बहुतेक खाण्याचा नसून सेटमधल्या विश्रांतीचा असतो. जड स्क्वॉटला मिनिटभराऐवजी तीन मिनिटं थांबून बघा. रिकाम्या पोटी कॅफीनवाली प्री-वर्कआउट पावडर घेत असाल तर ती आधी बंद करा, नुसत्या तिनेही ढवळतं. आणि एका आठवड्यात एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

ओंकार: ढेकरेला पीनट बटरचीच चव येते. पावडर घेत नाही. मग या आठवड्यात आधी काय बदलू, वेळ की पीनट बटर?

शर्वरी: वेळ. पोट रिकामं व्हायला अवधी मिळाला की बाकी चुका पोटात खपतात.

तुषार: मी पीनट बटर म्हणेन. वेळ पाळणं ऑफिसवर अवलंबून आहे, चमचा तुमच्या हातात.