मदत हवी आहे: पाणउपशाचा पंप, 70 हजारांचा घ्यावा की 1 लाख 65 हजारांचा?

माहीमचीसाइट
नमस्कार. माहीमला तीन मजली तळघराचं खोदकाम सुरू होतंय, ऑक्टोबरपासून 18 महिने. पाणी उपसायला दोन कोटेशन आली आहेत. दोन्ही पंप 18 मीटर हेडला तासाला 36 हजार लिटर देतात. 70 हजारांचा पंप 5.2 किलोवॅट खातो, 1 लाख 65 हजारांचा 3.7. युनिट 11 रुपये धरून दिवसरात्र 18 महिने चालवला तर महागड्याने 2 लाख 14 हजारांची वीज वाचते. फरक 95 हजारांचाच आहे. तरी साहेब म्हणतात, "कागदावर सगळंच वाचतं." माझा हिशेब कुठे चुकतोय?

सोसायटीसेक्रेटरी
आमच्या इमारतीत गच्चीवरच्या टाकीला महागडा पंप बसवला, दोन वर्षांत पैसे वसूल. डोळे मिटून घ्या.

माहीमचीसाइट
काका, तुमचं पाणी स्वच्छ असतं. इथे चिखल आणि बारीक वाळू येते.

हिशेबनीस
ताई, भविष्यातली बचत आजच्या किमतीत आणायला हवी. 12 टक्के व्याज लावा, चित्र पालटेल.

खड्ड्यातलामाणूस
दहा वर्षांच्या जनरेटरला हिशेबनीस म्हणतात ते लावायलाच हवं. दीड वर्षाच्या कामात त्याने फार तर दहा टक्के इकडेतिकडे होईल. मोठी चूक तासांत आहे.

ताई, फ्लोट स्विच बसवणारच ना? मग पंप दिवसरात्र कसा चालेल? झिरप जेवढी, तेवढाच तो चालणार. तुमच्या 18 महिन्यांत पावसाळा एकच येतो. ते चार महिने रोज 18 तास आणि उरलेले चौदा महिने रोज 5 तास धरलेत, तर सगळे मिळून साधारण 4260 तास होतात. दीड किलोवॅटने 6390 युनिट, म्हणजे सुमारे 70 हजार रुपये. 2 लाख 14 हजारांचे 70 हजार झाले. नुसत्या विजेवर महागडा पंप इथे हरतो.

आता दुरुस्ती. तुमच्या मागच्या साइटचं रजिस्टर काढा. सील किती वेळा गेलं, मोटर किती वेळा रिवाइंड केली?

माहीमचीसाइट
काढलं. स्वस्त पंप दीड वर्षात चार वेळा उघडला, दर वेळी साधारण 9 हजार. महागड्याचा विक्रेता म्हणतो एकदाच उघडावा लागेल, 15 हजार. आणि हो, पहिले चार महिने मीटर नाही, जनरेटरवर चालवायचं आहे.

खड्ड्यातलामाणूस
मग दुरुस्तीत 21 हजार वाचतात. डिझेलवरचं युनिट 27 च्या आसपास पडतं. त्या चार महिन्यांच्या 600 तासांत 900 युनिट वाचतील आणि प्रत्येकावर 16 रुपये जादा, म्हणजे आणखी 14 हजार. एकूण 1 लाख 5 हजार विरुद्ध 95 हजार. एवढ्याशा फरकावर मी कुणाशी भांडणार नाही. झिरप रोज तासभर इकडेतिकडे झाली तरी निकाल बदलेल. पुढच्या साइटला पंप वापरणार असाल तर मात्र महागड्याचं पारडं जड.

स्टँडबाय कुठल्याही परिस्थितीत हवाच. जुलैत खड्डा भरला तर स्टीलची गँग बसून राहते, ते नुकसान या सगळ्या आकड्यांपेक्षा मोठं. पण स्टँडबाय स्वस्तातलाच घ्या. जो चालतच नाही त्याची विजेची बचत काय कामाची?

वायरमन_परळ
मोटर आयई3 घ्या, संपला विषय.

खड्ड्यातलामाणूस
दादा, मोटर चांगली हवी हे बरोबर. पण वाळूने इंपेलर झिजला की चांगली मोटरसुद्धा कमीच पाणी वर काढते. ताई, गोदामातला जुना स्वस्त पंप खड्ड्यात सोडा, पूर्ण पाइप जोडा, रस्त्याच्या पातळीला हजार लिटरची टाकी ठेवा आणि घड्याळ लावा. नवा असताना 100 सेकंदांत भरायला हवी.

माहीमचीसाइट
आज दुपारी केलं. 140 सेकंद लागले. टाँग टेस्टरवर करंट जवळपास पहिल्याइतकाच. म्हणजे तेवढ्याच पाण्याला हा पंप 1.4 पट वेळ चालतो आणि बिलही तसंच वाढतं. इंपेलर उघडून पाहिला, पात्यांच्या कडा ब्लेडसारख्या पातळ झाल्यात.

खड्ड्यातलामाणूस
हे तुमच्या कोटेशनमध्ये कुठेच नव्हतं. आता महागड्याच्या विक्रेत्याकडून इंपेलरचा धातू लेखी घ्या. साधा बिडाचा असेल तर तोही असाच झिजेल. हाय क्रोमचा असेल तर फरक टिकेल.

माहीमचीसाइट
विचारलंय, उत्तर आलेलं नाही. तोवर मागच्या पावसाळ्यातले रोजचे तास शोधतेय. मुकादम म्हणतो भरतीला झिरप वाढते. शिवाजी पार्क, माहीमकडे कुणी अवर मीटर लावून हे पाहिलंय का?