संपादकांना पत्र : ‘भोंगे बंद करा’ असं लिहिलं की गुण का जातात?

दहावीची आई, सोलापूर
मुलीच्या सराव परीक्षेत प्रश्न होता : परीक्षेच्या काळात ध्वनिक्षेपकांचा त्रास होतो, त्याबद्दल वृत्तपत्राच्या संपादकांना पत्र लिहा. तिला सहापैकी तीन गुण मिळाले. शेरा एवढाच, ‘प्रारूप चुकले’. दिनांक, प्रति, विषय, महोदय, खाली नाव-पत्ता, सगळं आहे. मजकुराचा शेवट असा : ‘तरी आपण आमच्या वस्तीतील ध्वनिक्षेपक तातडीने बंद करावेत, अन्यथा आम्हांला कठोर पावले उचलावी लागतील.’ मग चुकलं काय? आणि कायद्याचे आकडे घातले असते तर गुण वाढले असते का?

मराठीच्या बाई
ताई, तुम्ही दिलेल्या शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. संपादक भोंगा बंद करू शकत नाहीत. त्यांच्या हाती पत्र छापणं आहे, म्हणून त्यांच्याकडे मागायचं ते तेवढंच. भोंग्याची मागणी पोलीस आणि नगरपालिकेकडे, तीही छापलेल्या पत्रातून. तुमच्या मुलीनं लिहिलंय ते तक्रारपत्र, फक्त पाकिटावर संपादकांचं नाव.

मी वर्गात एक युक्ती सांगते. पत्र पूर्ण झालं की ‘प्रति’खालचं ‘मा. संपादक’ खोडून ‘मा. पोलीस निरीक्षक’ असं वाचून बघायचं. एकही शब्द न बदलता पत्र तसंच चालत असेल, तर ते संपादकांना लिहिलेलं पत्र नाही.

‘कठोर पावले’ तर नकोच. विद्यार्थिनीच्या तोंडी धमकी शोभत नाही आणि औपचारिक पत्राची भाषाही बिघडते.

नियमावर बोट
बाईंचं बरोबर, पण आकडे हवेतच. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी. दिवसा मात्र कायदा काही करू शकत नाही, त्यामुळे पत्रात फक्त रात्रीचाच मुद्दा घ्यावा. एक नियम लिहिला की परीक्षकावर छाप पडते.

मराठीच्या बाई
रात्रीचं बरोबर आहे, दिवसाचं नाही. त्याच नियमांत दिवसाही ध्वनिक्षेपक लावायला लेखी परवानगी लागते, आणि निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. मुलं अभ्यासाला बसतात संध्याकाळी ६ ते १०. तो वेळ पत्रातून काढून टाकला तर तक्रारच उरत नाही.

गुणांबद्दल म्हणाल तर भाषेच्या पेपरात डेसिबल कोणी तपासत नाही. एखादी खात्रीची गोष्ट सहज आली तर उत्तम. पण चुकीचा आकडा ठासून लिहिला तर तो डोळ्यांत सलतो. त्यापेक्षा मुलीनं स्वतः ऐकलेलं लिहावं : किती वाजता सुरू होतं, किती वाजेपर्यंत चालतं, खिडकी लावूनही काय ऐकू येतं.

पहिला मजला
आमच्याकडे गेल्या आठवड्यात शेजारच्या मैदानात हळदीचा डीजे रात्री साडेअकरापर्यंत चालू होता. मी ११२ वर फोन केला, गाडी आली, आवाज कमी झाला, गाडी गेली, आवाज परत वाढला. ताई, पत्रानं काही होत नाही. फोन करा, आणि फोनची वेळ लिहून ठेवा.

दहावीची आई, सोलापूर
आमच्या घराजवळ भोंगा नाही हो. हा पेपरातला प्रश्न आहे.

सप्ताहवाला
मला वेगळंच खटकतं. फेब्रुवारी-मार्च म्हणजे परीक्षा तशाच शिवजयंती, होळी, गावच्या यात्रा आणि लग्नसराई. आमच्या गावात सप्ताहाला भोंगा लागतो, तेव्हा शेतातल्या म्हाताऱ्या माणसालाही कीर्तन ऐकू येतं. पत्रात ‘सण म्हणजे नुसता गोंगाट’ असं आलं की वाचणारा दुखावतो. सरकारलाही वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस सांस्कृतिक किंवा धार्मिक प्रसंगी रात्री १२ पर्यंत सवलत देता येते, हेही लिहा की.

मराठीच्या बाई
दादा, पहिला मुद्दा मला पूर्ण पटतो. पत्रात कोणत्याही एका सणाचं किंवा मंडळाचं नाव घेऊ नये आणि मागणी वेळेची करावी. सवलतीचं मात्र मी लिहायला सांगणार नाही. सहा गुणांच्या पत्रात दोन्ही बाजूंचा निवाडा करायला जागा नसते.

ताई, मुलीला दाखवायला मजकूर असा :

दिनांक : २० फेब्रुवारी २०२५
प्रति,
मा. संपादक,
दैनिक क्ष य झ, सोलापूर.
विषय : परीक्षाकाळातील ध्वनिक्षेपकांच्या त्रासाबाबतचे पत्र प्रसिद्ध करण्याविषयी.
महोदय,
आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांच्या सदरातून पुढील विचार प्रसिद्ध करावेत, ही विनंती.
आमच्या वस्तीत गेल्या दहा दिवसांपासून रोज संध्याकाळी सातला ध्वनिक्षेपक सुरू होतो आणि रात्री अकरानंतरही चालू राहतो. दारे-खिडक्या लावूनही गाण्याचे शब्द स्पष्ट ऐकू येतात. उद्यापासून दहावीची परीक्षा सुरू होत आहे. उजळणीचा वेळ हाच, आणि झोपेचाही हाच.
कार्यक्रमांना आमचा विरोध नाही. मात्र परीक्षा संपेपर्यंत संध्याकाळी आवाज मंडपापुरता ठेवावा आणि रात्री दहानंतरची बंदी पोलिसांनी काटेकोरपणे पाळायला लावावी. आपल्या दैनिकातून हे संबंधितांपर्यंत पोहोचेल, असा विश्वास वाटतो.
आपली विश्वासू,
अ. ब. क.,
सोलापूर.

प्रश्नात नाव दिलेलं असेल तर तेच वापरायचं. स्वतःचं नाव, शाळेचं नाव उत्तरपत्रिकेत कुठेही नको.

निवृत्त उपसंपादक
वाचकपत्रांचं पान मी बरीच वर्षं पाहिलं आहे, म्हणून बोलतो. बाईंच्या पत्रातला मधला परिच्छेद मी जसाच्या तसा छापला असता. वेळ, जागा, किती दिवस, सगळं आहे. पण ‘पुढील विचार प्रसिद्ध करावेत’ ही ओळ आम्ही पहिल्यांदा काढत असू. पत्र सदरासाठी आलंय म्हणजे छापण्यासाठीच आलंय, ते सांगावं कशाला? वर्षानुवर्षं शाळेतून आलेली पत्रं ‘मी आपल्या लोकप्रिय दैनिकाची नियमित वाचक आहे’ अशीच सुरू होत, आणि खऱ्या तक्रारीला जेमतेम दोन ओळी मिळत. ही सवय परीक्षाच लावते, याचं मला वाईट वाटतं.

मराठीच्या बाई
‘लोकप्रिय दैनिक’ मीही काढायला लावते. पण विनंतीची ओळ काढणार नाही. छापणारा आणि तपासणारा यांची गरज वेगळी आहे, सर. तपासणाऱ्यापुढे गठ्ठा असतो. मुलीला कळलंय की ती कोणाशी बोलतेय, हे त्याला त्या ओळीतूनच दिसतं.

निवृत्त उपसंपादक
ते विषयाच्या ओळीतून दिसतंच आहे. तुमच्या पत्रात एकच गोष्ट दोनदा आली.

मराठीच्या बाई
हो, दोनदा आली आहे. विषय ‘परीक्षाकाळातील ध्वनिक्षेपकांचा त्रास’ एवढाच ठेवला तर पुनरुक्ती जाईल. ती दुरुस्ती मला मान्य.

नियमावर बोट
आणि पत्ता? आमच्या वेळी उजव्या कोपऱ्यात वर पत्ता आणि त्याखाली तारीख असायची.

मराठीच्या बाई
ती जुनी रीत. आता सगळं डावीकडे, आणि पत्ता शेवटी नावाखाली. हल्ली त्याखाली ई-मेलही लिहून घेतो, तो मी वर लिहायचा विसरले. मुलीच्या चालू पाठ्यपुस्तकातला नमुना उघडून त्याच्याशी ताडून बघा.

दहावीची आई, सोलापूर
तिनं पुन्हा लिहिलं. ‘मा. पोलीस निरीक्षक’ घालून वाचलं, तर पहिल्याच वाक्याला अडलं. पण मधल्या परिच्छेदात तिनं ‘आमच्या वर्गातल्या सगळ्यांना डोकेदुखी सुरू झाली आहे’ असं घातलंय. हे चालेल का, की ते मनचं वाटेल?

निवृत्त उपसंपादक
‘सगळ्यांना’ काढा. ‘मला’ लिहायला सांगा.