मदत हवी आहे : ऑर्डर, जीआरएन आणि परदेशी बिल यांचा मेळ बसत नाही

कुपवाडची_खतावणी
नमस्कार. मी कुपवाड एमआयडीसीतील एका कारखान्यात हिशेब लिहिते. रबरी सीलच्या एका बिलावर मी तीन दिवसांपासून अडकले आहे. आमची ऑर्डर २००० नगांची आहे, माल उतरवून घेताना स्टोअरने केलेल्या जीआरएनवर १५ आहेत आणि बिलावर १.५०० आहेत. बिलातला दर ३८.५० आणि रक्कम ५७७.५० आहे. दीड नग घातल्यास सॉफ्टवेअर ५७.७५ दाखवते. १५ नग घातल्यास मात्र रक्कम अचूक जुळते आणि जीआरएनशीही मेळ बसतो. तर मी बिलात १५ लिहून ऑर्डर दुरुस्त करून घेऊ का? परवा पैसे पाठवायचे आहेत, म्हणून कृपया लवकर सांगावे.

साताऱ्याचा_लेखनिक
ताई, बिल कोणत्या देशाचे आहे, कोणत्या चलनात आहे, ऑर्डरमध्ये दर काय होता आणि जीआरएनवरचे १५ म्हणजे नग की पाकिटे, यांपैकी आपण काहीच लिहिलेले नाही. शिवाय हातातला कागद बिलच आहे ना, हेही पाहावे. आमच्याकडे एकदा पुरवठादाराने ऑर्डर मिळाल्याची पोच म्हणून पाठवलेला कागद बिल समजून नोंदवला गेला होता आणि खरे बिल आल्यावर तीच खरेदी दुसऱ्यांदा चढली.

कुपवाडची_खतावणी
क्षमस्व, रोज तेच कागद समोर असल्याने लिहायचे राहिले. पुरवठादार जर्मनीचा आहे आणि रकमा युरोत आहेत. कागदाच्या डोक्यावर ‘रेख्नुंग’ लिहिले आहे. आमच्या ऑर्डरमध्ये दर ०.३९ आहे. बिलात दराच्या शेजारी पी आणि ई ही दोन अक्षरे असलेला रकाना आहे आणि त्यात १०० आहे. तो मी सोडून दिला होता. खाली बांधणी व वाहतुकीचे ४६ युरो वेगळे आहेत.

दोन_टक्के
एवढ्यासाठी तीन दिवस घालवू नयेत. आयातीत युरोचा भाव रोज बदलतो, म्हणून फरक येतोच. सॉफ्टवेअरमध्ये दोन टक्क्यांपर्यंतचा फरक चालेल अशी मर्यादा घालून ठेवावी आणि रक्कम जुळली की बिल मंजूर करावे. आम्ही कित्येक वर्षे असेच करतो.

मिरजेचा_स्टोअर_ते_खाते
रेख्नुंग म्हणजे बिलच, त्यामुळे ती शंका मिटली. आता आकडे पाहू. जर्मन कागदावर पूर्णविराम हजार दाखवतो आणि स्वल्पविराम दशांश दाखवतो, म्हणजे आपल्या नेमके उलट. १.५०० म्हणजे दीड नव्हे, दीड हजार. पी-ई हा रकाना दर किती नगांचा आहे ते सांगतो. म्हणून ३८.५० युरो हा शंभर नगांचा दर आहे आणि एका नगाला ०.३८५ पडतात. १५०० गुणिले ०.३८५ बरोबर ५७७.५०. आपल्या १५ नगांनी हीच रक्कम आली, कारण स्टोअरने बहुधा शंभराची पाकिटे मोजली आणि दरही शंभराचाच होता. उत्तर बरोबर येऊनही नोंद चुकीची ठरली असती, कारण साठ्यात १५ सील दिसले असते आणि एका सीलची किंमत साडेअडतीस युरो झाली असती. ऑर्डरला हात लावू नये. आधी स्टोअरमध्ये जाऊन पाकिटे मोजावीत आणि प्रत्येक पाकिटावरची चिठ्ठी वाचावी.

युरोच्या भावाचा इथे संबंध नाही. ऑर्डर युरोत आहे आणि बिलही युरोत आहे, त्यामुळे जुळणी युरोतच करायची. रुपये नंतर येतात.

हळदवाला_सांगली
आमच्या हळदीच्या पोत्यांतही हेच होते. पोती मोजून घेतली तर बरोबर असतात, पण वजन केले की घट निघते. आम्ही घटीचा टक्का आधीच ठरवून ठेवतो. आपणही तसेच करावे.

साताऱ्याचा_लेखनिक
हळद वाळते, रबराची सील वाळून नगांनी कमी होत नाहीत.

करसल्ला_विटा
हे बिल जीएसटीच्या टू-बी विवरणात दिसते का, ते आधी पाहा. दिसत नसेल तर कर परत मिळणार नाही.

मिरजेचा_स्टोअर_ते_खाते
साहेब, प्रश्न तो नाही. परदेशी पुरवठादाराच्या बिलावर आपला जीएसटी नसतो. तो सीमाशुल्काच्या वेळी बिल ऑफ एंट्रीवर भरला जातो आणि टू-बीमध्येही त्याच कागदावरून येतो.

कुपवाडची_खतावणी
मोजून आले. १४ पाकिटे शंभराची आहेत, पण पंधराव्यावरच्या चिठ्ठीवर ८० लिहिले आहे आणि आत ८०च निघाली. म्हणजे माल १४८० नग आला. मालासोबतच्या ‘लीफरशाइन’वर मात्र १.५०० आहे. ऑर्डरमधल्या दराचेही कळले: आमचे सॉफ्टवेअर दरात दोनच दशांश घेते, म्हणून ०.३८५ चे ०.३९ झाले होते.

दोन_टक्के
मग बघा, १४८० गुणिले ०.३९ म्हणजे ५७७.२० आणि बिल ५७७.५० चे. फक्त तीस सेंटचा फरक! माझी मर्यादा असती तर हे बिल कधीच निघून गेले असते.

मिरजेचा_स्टोअर_ते_खाते
तेच तर दुखणे आहे. ऑर्डरचा दर पूर्णांकनाने वाढला, त्यामुळे १४८० नगांवर ७.४० युरो जास्त दिसले. वीस नग कमी आले, त्यांची किंमत ७.७० युरो. दोन चुका विरुद्ध दिशेच्या असल्याने एकमेकींना झाकून बसल्या. म्हणून बिलाचा दर ऑर्डरच्या दराशी आणि बिलाचे नग प्रत्यक्ष आलेल्या नगांशी, असे वेगवेगळे ताडावे. नुसती बेरीज ताडू नये. मर्यादा ठेवायचीच असेल तर ती दराला ठेवावी, नगांना नव्हे.

लीफरशाइन हा पाठवणाऱ्याचा कागद आहे. त्यावरून जीआरएन भरला तर पुरवठादाराचे म्हणणे त्याच्याच म्हणण्याशी जुळवल्यासारखे होते. जीआरएन रद्द करून १४८० नगांचा नवा करावा, ऑर्डरचा दर शंभर नगांना ३८.५० असा नोंदवता येतो का ते पाहावे आणि ऑर्डर बंद करू नये, कारण ५२० नग अजून येणे आहेत. ४६ युरोंसाठी ऑर्डरमधली वाहतुकीची अट पाहावी.

कुपवाडची_खतावणी
वाहतूक आमच्याकडेच आहे, पण रक्कम ठरलेली नव्हती. खरेदी विभागाकडून लेखी होकार घेते. आता पैशांचे सांगावे. चौदा दिवसांत दिले तर दोन टक्के सूट, अशी अट आहे आणि परवा चौदावा दिवस आहे. वीस नगांचा निकाल लागेपर्यंत बिल थांबवावे का?

साताऱ्याचा_लेखनिक
थांबवावे. न आलेल्या मालाचे पैसे एकदा गेले की परत येत नाहीत.

मिरजेचा_स्टोअर_ते_खाते
६२३.५० वर दोन टक्के म्हणजे १२.४७ युरो, आणि वाद ७.७० चा आहे. मी थांबवणार नाही. पंधराव्या पाकिटाच्या चिठ्ठीचा फोटो आजच पाठवावा आणि उरलेल्या मालासोबत वीस नग फुकट मागावेत किंवा ७.७० ची क्रेडिट नोट मागावी. ती ‘गुटश्रिफ्ट’ किंवा ‘रेख्नुंग्सकोरेक्टुर’ या नावाने येईल. ती बिल समजून नोंदवू नये.

साताऱ्याचा_लेखनिक
मग ७.७० कापूनच पाठवावेत. उगाच मागे का लागायचे?

मिरजेचा_स्टोअर_ते_खाते
बँक परदेशी पाठवलेली रक्कम बिल ऑफ एंट्रीशी जुळवते. कमी पाठवले की तेवढी नोंद तिथे उघडी राहते आणि ती बंद करायला बँक कागद मागते. दोन टक्क्यांच्या सवलतीमुळेही रक्कम कमी होणारच आहे, पण ती अट बिलावर छापलेली असते. वीस नगांची कपात कुठेच लिहिलेली नाही.

कुपवाडची_खतावणी
चिठ्ठीचा फोटो पाठवला. स्टोअरकीपर काका म्हणतात की जीआरएन रद्द करायला साहेबांची सही लागते आणि साहेब सोमवारपर्यंत पुण्यात आहेत. जुना १५ चा जीआरएन तसाच असताना पैसे सोडले तर चालेल का?