मदत हवी आहे: ११ बिग ब्लाइंड उरलेत, लेव्हल बदलायच्या आत ऑल-इन जायचं का?

बदामराजा:
टूर्नामेंट, नो-लिमिट होल्डेम, नऊ जणांचं टेबल. ब्लाइंड ५००/१०००, आणि सगळ्यांची अँटी मिळून १००० बिग ब्लाइंडवालाच भरतो. माझ्याकडे ११,००० चिप्स. मी बटणावर, माझ्यापर्यंत सगळ्यांनी पत्ते टाकलेले, हातात बदामाचे राजा-नव्वी. लेव्हल संपायला दोन-तीन मिनिटं उरलेली, पुढची लेव्हल ६००/१२००, अँटी १२००.

मी फोल्ड केलं. बिग ब्लाइंड माझ्यावर यायला अजून सहा हात होते, ते फुकट बघायला मिळणार, त्यात एखादी जोडी येईल असा हिशेब. शेजारचा म्हणतो, हा हात डोळे मिटून ऑल-इन. थांबण्यात नेमकं काय जातं, कुणी आकड्यांत सांगेल का? बक्षिसाची जागा अजून बरीच लांब होती.

तिर्री_पंजी:
ऑल-इनची घाई दहाच्या खाली गेल्यावर. अकरावर २२०० चा रेझ करायचा, कुणी वरून ऑल-इन आलं तर सोडून द्यायचं. कमी जोखमीत तेच ब्लाइंड मिळतात.

शेवटचा_बटण:
तिर्री, दहाचा आकडा लक्षात ठेवायला बरा, पण या हाताला तो लागू नाही. २२०० टाकलेस आणि बिग ब्लाइंडवाला ऑल-इन आला, तर ८८०० भरून २३,५०० च्या पॉटसाठी खेळायचं, म्हणजे जिंकायची शक्यता ३७ टक्के हवी. राजा-नव्वीकडे साधारण तेवढीच असते. सोडलंस तर पाचवा हिस्सा स्टॅक गेला, घेतलंस तर ऑल-इन झालंच, फक्त समोरच्याला पळवायची संधी हातची गेली.

आता मूळ प्रश्न. मध्ये आधीच २५०० पडलेत, तुझ्या स्टॅकच्या जवळजवळ पाव. समज, दहातल्या सहा वेळा दोघंही सोडतात. उरलेल्या चार वेळा बिग ब्लाइंड कॉल करतो आणि तुझी शक्यता ४० टक्के. पॉट २३,५०० चा, त्यातले तुझ्या वाट्याला सरासरी ९४००, म्हणजे अशा वेळी १६०० चा तोटा. सहा वेळचे २५०० आणि चार वेळचा हा तोटा एकत्र केला की दर ऑल-इनमागे सरासरी ८६० चिप्स फायद्यात. स्मॉल ब्लाइंडच्या कॉलचा हिशेब मी वेगळा केलेला नाही.

थांबलास तर? सहा हातांत एक तरी जोडी मिळायची शक्यता ३० टक्क्यांच्या आसपास, त्यातल्याही जवळपास निम्म्या सत्ती किंवा त्याखालच्या. शिवाय बटण पुढे सरकतं तसे तुझ्या मागे बोलणारे वाढत जातात. तोवर लेव्हल बदललेली असते. बिग ब्लाइंडला अँटीसकट २४०० आणि स्मॉल ब्लाइंडला ६०० गेले की पुन्हा बटणावर येशील तेव्हा हातात ८०००, म्हणजे सातसुद्धा बिग ब्लाइंड नाहीत. खरा तोटा इथे आहे. आज तुला कॉल करायला त्याला जवळपास ४३ टक्के शक्यता लागते, तेव्हा ३८ पुरेल. तो जास्त हातांनी कॉल करणार, आणि तुझा ऑल-इन कुणाला घाबरवणार नाही.

बदामराजा:
पण बिग ब्लाइंडवाला काहीही घेऊन कॉल करणारा होता. मग दहात सहा वेळा सोडेल हे कशावरून?

शेवटचा_बटण:
रास्त शंका. वरच्याच आकड्यांत दोघं मिळून ३९ टक्के वेळा सोडत असतील तरी तुझी बरोबरी होते. शिवाय तो खरंच काहीही घेऊन कॉल करत असेल तर राजा-नव्वीची शक्यता ४० च्या वर जाते. त्याच्यासमोर सत्ती-अठ्ठीसारखे हात टाक, राजा-नव्वी नको.

चौकट_गुलाम:
मी कॅश गेममध्ये अकरा बिग ब्लाइंड घेऊन बसतो आणि चांगल्या पत्त्यांची वाट बघतो. मला तर काही अडचण येत नाही.

तिर्री_पंजी:
अरे, तिथे ब्लाइंड वाढतात कुठे? तिथे थांबायला एक फेरीच लागते, आणि ती फेरी कायम तेवढ्याचीच.
बटण, रेझचं पटलं. पण बक्षिसाला दोन जण उरले असते तर? तेव्हा मी हे पत्ते टाकलेच असते.

शेवटचा_बटण:
ब्लाइंडमध्ये कोण आहे त्यावर. बाहेर पडायला घाबरणारा मधल्या स्टॅकचा असेल तर मी तिथेही ऑल-इन जाईन, तो नेहमीपेक्षा जास्त वेळा सोडतो. मोठा स्टॅकवाला असेल तर नाही.

तिर्री_पंजी:
आणि माझ्याहून लहान दोन स्टॅक टेबलावर असतील, पुढच्याच फेरीत ब्लाइंडमध्ये येणारे? मग मधल्या स्टॅकसमोरही मी थांबेन. आधी त्यांना जाऊ दे.

शेवटचा_बटण:
ते किती लहान आहेत ते सांग. तीन बिग ब्लाइंडचे असतील तर तुझं ऐकेन, आठचे असतील तर नाही.

बदामराजा:
त्या टेबलावर माझ्याहून लहान एकच होता, पाचच्या आसपास. मग?